रूपक आणि रूपककथा: वर्गात होणाऱ्या या चुका टाळा

‘रूपककथा म्हणजे लांबवलेले रूपक.’ पाठ टाचणात हे वाक्य असतं, गाईडमध्ये असतं, मुलांच्या वहीत लाल पेनाने अधोरेखित केलेलं असतं. नाशिकमध्ये बी.एड.च्या सराव पाठांचं निरीक्षण करायला मी शाळाशाळांतून जाते आणि वर्षानुवर्षं हेच वाक्य फळ्यावर वाचते. पाठ करायला सोपं आहे म्हणून ते टिकलंय. पण या एका वाक्यामुळे पुढचा सगळा धडा बिघडतो. मुलं मग ओळी मोजायला लागतात. चार ओळी असतील तर रूपक, चाळीस असतील तर रूपककथा. इंग्रजीच्या तासाला मेटाफर आणि अ‍ॅलेगरी शिकताना हीच मुलं हाच हिशोब तिकडेही लावतात.

लांबीवरून ठरवणं

लांबीचा मुद्दा निकालात काढायला ज्ञानेश्वरीची सुरुवात पुरेशी आहे. ‘ॐ नमोजी आद्या’ नंतर लगेच ज्ञानेश्वर गणेशाचं वर्णन करतात. हा गणेश म्हणजे शब्दब्रह्म, सगळं वाङ्मय. मग ओवीमागून ओवी त्याचा एकेक अवयव येतो. ‘स्मृति तेचि अवयव’, ‘अष्टादश पुराणें, तींचि मणिभूषणें’. सहा दर्शनं हे सहा हात, आणि त्यांचं आपसात पटत नाही म्हणून त्या हातांत वेगवेगळी आयुधं. तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक. शेवटी ‘अकार चरणयुगुल, उकार उदर विशाल, मकार महामंडल मस्तकाकारें’. वर्गात वाचायला घेतलं तर तासिकेचा मोठा भाग यातच जातो, इतकं हे लांब आहे.

तरीही हे रूपकच आहे. आपल्याकडे त्याला सांगरूपक म्हणतात, म्हणजे अंगांसह मांडलेलं रूपक. एक मुख्य रूपक, वाङ्मय म्हणजे गणेश, आणि त्याला धरून अवयवांची छोटी छोटी रूपकं. ओव्यांमधल्या ‘तेचि’, ‘तींचि’, ‘तोचि’ या शब्दांवर मुलांना बोट ठेवायला सांगा. प्रत्येक ठिकाणी उपमेय आणि उपमान दोन्ही समोरासमोर उभे आहेत आणि मधला ‘तेचि’ सांगतोय की हे दोन एकच. पुराणंही पानावर आहेत, दागिनेही पानावर आहेत. वाचकाला काहीच शोधून काढायचं नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे: या सगळ्या ओव्यांत काहीही घडत नाही. गणेश कुठे जात नाही, कोणाशी बोलत नाही, आधी एक आणि नंतर दुसरं असं काही नाही. आपण एका मूर्तीभोवती फिरून ती पाहतो आहोत.

आता याच्या शेजारी कुसुमाग्रजांची ‘आगगाडी व जमीन’ ठेवा. ‘विशाखा’ (1942) मधली ही कविता ज्ञानेश्वरांच्या गणेशापेक्षा कितीतरी आटोपशीर आहे. जमीन पायाशी लोळत आगगाडीला विनवते, मला असं चिरडून जाऊ नकोस. आगगाडी मस्तीत आहे, ती जमिनीला तुच्छ लेखते आणि तशीच धावत राहते. मग जमिनीचा संताप उसळतो, पूल कोसळतो आणि आगगाडी उलटीपालटी होऊन दरीत जाते. एवढीच कथा. ‘आगगाडी तेचि धनिक’ किंवा ‘जमीन तीचि गरीब’ असं कवितेत कुठेही लिहिलेलं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आगगाडी ही आगगाडी आहे आणि जमीन ही जमीन आहे. पण वाचून झाल्यावर कोणीही म्हणत नाही की ही रेल्वे अपघाताची कविता आहे. चिरडणारा आणि चिरडला जाणारा यांची गोष्ट आपण वाचली, हे आठवीतल्या मुलालाही कळतं. ही रूपककथा, पद्यात सांगितलेली.

लांब ते रूपक निघालं आणि आखूड ती रूपककथा. म्हणून लांबी हा निकष मी वर्गात येऊच देत नाही. त्याऐवजी मुलांना एक काम देते: क्रम बदलून पाहा. गणेशाच्या ओव्या वर-खाली करा, आधी मस्तक मग पाय, आधी मोदक मग परशू. सौंदर्य थोडं जाईल, पण गणेश तोच राहील. आगगाडीच्या कवितेत पूल आधी पाडा आणि विनवणी नंतर ठेवा. सगळा अर्थच उलटतो. दरीत पडलेल्या गाडीला जमीन कशाला विनवेल? रूपककथेत अर्थ घटनांच्या क्रमात राहतो. छळ, विनवणी, उपेक्षा, उठाव, विनाश. हा क्रम मोडला की खालचा अर्थही मोडतो. रूपकात अर्थ दोन वस्तूंच्या साम्यात राहतो, त्याला आधी-नंतरची फारशी गरज नसते.

हा प्रयोग करायला दहा मिनिटं लागतात. व्याख्या लिहून द्यायला एक मिनिट लागतं. नव्या शिक्षकांना ती नऊ मिनिटं वाचवायची असतात आणि मग वर्षभर तीच चूक तपासत बसावं लागतं.

खऱ्या गोष्टीला रूपककथा बनवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिच्यात मुलांचा अनुभवच खोटा ठरतो.

नदीकाठच्या वस्तीतली मुलं येतात अशा एका शाळेत नववीच्या वर्गात सराव पाठ होता. छात्राध्यापक मेहनती होते, टाचण नेटकं होतं, तक्ता रंगीत होता. कविता कुसुमाग्रजांची ‘कणा’. कविता वाचून झाली आणि सरांनी लगेच फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे कवितेतले शब्द, उजवीकडे ‘खरा अर्थ’. गंगामाई म्हणजे परकीय सत्ता. घर म्हणजे देश. बायको म्हणजे संस्कृती. सर म्हणजे नेता. मुलं उतरवून घेत होती.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, मग त्याच्या घरात पाणी शिरलंच नव्हतं का?”

सर म्हणाले, “नाही, पाणी वगैरे काही नाही. ती रूपककथा आहे.”

मुलगी खाली बसली. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला होता आणि त्या वर्गातल्या काही मुलांच्या घरात तेव्हा खरंच पाणी होतं. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेवर जाऊन आलो म्हणतात. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावरून पूर मोजतात, कमरेला लागलं, गळ्याला लागलं, असं. ‘गंगामाई’ हा शब्द या मुलांना तक्त्यावरून समजावून द्यायचा नसतो. आणि नेमका तोच शब्द त्यांच्याकडून काढून घेऊन त्या जागी ‘परकीय सत्ता’ लिहिलं गेलं.

पाठ संपल्यावर आम्ही दोघं शिक्षक कक्षात बसलो. ते म्हणाले, “मॅडम, एवढा मोठा कवी नुसत्या पुराची गोष्ट कशाला सांगेल?” हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकते आणि चुकीचं मूळ इथेच आहे. खरं, साधं, डोळ्यांसमोरचं काही असेल तर ते कमी दर्जाचं, आणि त्याखाली काहीतरी दडलेलं असलं तरच ते साहित्य, असं डोक्यात बसलेलं असतं.

मी त्यांना कविता पुन्हा ओळीने वाचायला सांगितली आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं: इथे खरं काय घडलं आणि ते कशाच्या रूपात सांगितलं? ‘गंगामाई पाहुणी आली’. घडलं ते असं की नदीचं पाणी घरात आलं. सांगितलं ते पाहुणीच्या रूपात. नदी पानावर आहे, पाहुणीही पानावर आहे. रूपक. पुढे ‘माहेरवाशीण पोरीसारखी’ ती चार भिंतींत नाचली. इथे ‘सारखी’ आहे, म्हणजे उपमा. पाहुणी रिकाम्या हाती कशी जाईल, पण ‘बायको मात्र वाचली’. पाहुणचाराचं रूपक पुढे चालू आहे आणि त्याच्या शेजारी सरळ, उघडी माहिती आहे की माणूस वाचलं. मग पापण्यांत राहिलेलं पाणी ‘प्रसाद म्हणून’. अश्रू हे उपमेय, प्रसाद हे उपमान. शेवटी संसार मोडला तरी ‘मोडला नाही कणा’. कणा म्हणजे हिंमत, पुन्हा रूपक, आणि इतकं जवळचं की रोजच्या बोलण्यातही आपण ते वापरतो.

मग मी म्हटलं, “आता सर, यातली सगळी रूपकं काढून टाका आणि काय उरतं ते सांगा.” त्यांनी सांगितलं: नदीला पूर आला, घरात पाणी शिरलं, भिंत खचली, चूल विझली, बायको वाचली, माणूस आपल्या जुन्या सरांना भेटायला आला. म्हणजे गोष्ट शाबूत आहे. रूपकं त्या गोष्टीच्या अंगावर आहेत. अंगावरचं उतरवलं तरी माणूस उभाच आहे.

हीच परीक्षा आगगाडीला लावा. तिथे उतरवायला काही मिळत नाही, कारण जोडीतली दुसरी वस्तू पानावर नाहीच. वरच्या थरावर सगळी आगगाडीची गोष्ट आहे आणि विषय पूर्णपणे खाली आहे. ‘कणा’ मध्ये वरचा थर हाच विषय आहे. एका पूरग्रस्त माणसाबद्दल ती कविता आहे. तिच्यातून प्रत्येक खचलेल्या माणसाला बळ मिळतं, ते खरंच आहे, पण एखादी गोष्ट अनेकांना आपली वाटणं वेगळं आणि ती रूपककथा असणं वेगळं.

त्या छात्राध्यापकांनी पुढच्या तासाला त्याच वर्गात कविता परत घेतली. रकाने आखले नाहीत. सुरुवातच केली ती “तुमच्याकडे पाणी आलं होतं तेव्हा काय काय वाहून गेलं?” या प्रश्नाने. मग मुलंच सांगायला लागली की पाणी पाहुण्यासारखं येत नाही, चोरासारखं येतं, आणि मग हा माणूस त्याला पाहुणी का म्हणतो? रूपकाचं काम काय असतं हे त्या प्रश्नात आलं. ज्याचं सगळं गेलं तो नदीला दोष न देता लेकीचं माप देतो, यात त्याचा स्वभाव दिसतो. ‘परकीय सत्ता’ लिहिलं असतं तर हे कुणालाच दिसलं नसतं.

वाचण्याआधी जोड्या लावणं

वरच्या प्रसंगातला दोन रकान्यांचा तक्ता हा स्वतंत्र आजार आहे, म्हणून त्याबद्दलही सांगते. खरी रूपककथा असली तरी मी तो पहिल्या तासाला आखू देत नाही. आधी गोष्ट गोष्ट म्हणून कळली पाहिजे. आगगाडीची कविता घेताना मी मुलांना विचारते की इगतपुरीहून कसारा घाट उतरताना गाडीचा आवाज कसा बदलतो, पुलावर आली की खालून कसा येतो. रुळाच्या कडेला उभं राहिलं की पायाखाली काय जाणवतं. ज्याला जमिनीचा थरकाप कळला नाही त्याच्यासाठी ‘शोषित’ हा नुसता परीक्षेतला शब्द राहतो.

दुसऱ्या तासाला जोड्या लावायच्या तेव्हा दोन गोष्टी जपते. एक, नावांऐवजी नातं लिहायचं. मुलं पटकन म्हणतात, कविता स्वातंत्र्यापूर्वीची, म्हणजे आगगाडी म्हणजे इंग्रज. कोणी म्हणतं, नाही, आगगाडी म्हणजे कारखानदार. वर्गात दोन पक्ष पडतात आणि शिक्षकाला वाटतं छान चर्चा चालली आहे. पण कवितेत यांपैकी एकही नाव नाही. कवितेत आहे ते नातं: एक वर, एक खाली. एकाचा वेग दुसऱ्याच्या अंगावरून जातो. आणि जो खाली आहे त्याच्याच आधारावर वरचा उभा आहे, हे वरचा विसरला आहे. म्हणून तर शेवट तसा होतो. आधार निघाला की वेगवान गाडीही दरीत. हे नातं नीट लिहिलं की इंग्रज, सावकार, मालक, कोणीही त्यात बसवून पाहता येतो आणि तो बसतो की नाही हे ओळी दाखवून सांगता येतं.

दोन, काही जागा मोकळ्या सोडायच्या. धूर म्हणजे काय, शिट्टी म्हणजे काय, रूळ म्हणजे काय, असं मुलं विचारत सुटतात, कारण तक्त्यातला रकाना भरायचा असतो. रूपककथेतल्या प्रत्येक खिळ्याला खाली जोडीदार नसतो. आगगाडी आहे म्हटल्यावर तिला काही गोष्टी लागतातच. गोष्टीला वळण देणाऱ्या तीन-चार गोष्टींना जोडी सापडली आणि त्या जोड्यांतलं नातं शेवटपर्यंत टिकलं, तर पुष्कळ झालं.

भारूड आलं की गोंधळणं

‘विंचू चावला’ घेतलं की हमखास प्रश्न येतो: बाई, हे रूपक की रूपककथा? आणि शिक्षक घाईत एक काहीतरी सांगून टाकतात. एकनाथांचं हे भारूड नीट उघडून पाहिलं तर दोन्हींचा फरक सगळ्यात स्वच्छ इथेच दाखवता येतो.

सुरुवातीलाच ‘कामक्रोध विंचू चावला, तम घाम अंगासी आला’. उपमेय आणि उपमान शेजारी शेजारी. काम-क्रोध हा विंचू, तमोगुण हा घाम. ओळ सुटी काढली तर शंभर टक्के रूपक. पुढे ‘तमोगुण मागे सारा, सत्त्वगुण लावा अंगारा’. पुन्हा रूपक, सत्त्वगुण हाच अंगारा. इथवर पाहून मुलं म्हणतात की हे तर गणेशासारखं सांगरूपक झालं.

आता क्रमाची परीक्षा लावा. विंचू चावतो. प्राण व्याकूळ होतो, सर्वांगाचा दाह होतो. मग उतारा सांगितला जातो. उतारा दिल्यावर विष ओसरतं, पण ‘किंचित राहिली फुणफुण’. आणि ती शेवटची फुणफुण ‘शांत केली जनार्दने’. हा क्रम बदलता येत नाही. दंश, वेदना, उपचार, उरलेली ठसठस, शांती. विंचू चावलेल्या माणसाची ही खरीखुरी हकिगत आहे आणि खाली तेवढ्याच पायऱ्यांनी साधकाची हकिगत चालली आहे. विकारांनी ग्रासलं, तळमळ झाली, सत्त्वगुणाने बराच उतार पडला, तरी स्वतःच्या प्रयत्नाने न जाणारं थोडंसं उरलंच, आणि ते गुरूने घालवलं.

मग उत्तर काय द्यायचं? ओळीपुरतं रूपक आणि सबंध रचनेपुरती रूपककथा. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, फक्त कशाबद्दल बोलतोय ते सांगायला हवं. एकनाथांनी रूपककथेची किल्ली पहिल्या ओळींतच वाचकाच्या हातात दिली आहे, कुसुमाग्रजांनी आगगाडीच्या कवितेत ती दिलेली नाही. एवढाच फरक. भारूड चौकात, लोकांसमोर सादर व्हायचं. ऐकणाऱ्याला मागे जाऊन ओळ परत वाचायची सोय नव्हती. किल्ली उघडपणे द्यावी लागते ती यासाठी.

आणि एक गंमत मुलांना जरूर दाखवा. विंचू, घाम, अंगारा हे सगळे कशाच्या तरी जागी आलेले आहेत. जनार्दन मात्र कोणाच्याही जागी आलेला नाही. जनार्दनस्वामी हे एकनाथांचे खरे गुरू. मांत्रिकाच्या जागी कोणी सोंग न आणता गुरू स्वतःच्या नावाने आत येतो आणि गोष्ट तिथे थांबते. दोन रकान्यांच्या तक्त्यात ही ओळ बसत नाही म्हणून बहुतेक तक्त्यांमध्ये ती गाळलेली असते. माझ्या दृष्टीने भारुडातली ती सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.

अन्योक्ती आणि बाकीची गर्दी

लेकी बोले सुने लागे, हे अन्योक्तीचं तंत्र. ‘येथे समस्त बहिरे बसतात लोक, का भाषणे मधुर तू करिशी अनेक’ असं कोकिळेला म्हटलं आहे आणि शेवटी बजावलं आहे की ‘रंगावरून तुजला गणतील काक’. लागतं ते गुणांची कदर नसलेल्या लोकांना, किंवा त्यांच्यापुढे आपली विद्या खर्च करणाऱ्याला. दुसरी बाजू पानावर नाही, म्हणून ते साधं रूपक नव्हे. पण घटनाही नाहीत, एकदाच केलेलं संबोधन आहे, म्हणून रूपककथाही नव्हे. अन्योक्तीला अन्योक्तीच म्हणा, तिला स्वतःचं चांगलं नाव आहे.

निर्जीव वस्तू बोलली की रूपककथा, असं समजू नका. जमीन बोलते ही चेतनगुणोक्ती. ती रूपककथेत येऊ शकते, तशी साध्या निसर्गकवितेतही येते.

प्राणी आले की रूपककथा, हेही नको. पंचतंत्रातल्या गोष्टींतून शेवटी एक बोध सुटा निघतो आणि तो कुठेही लावता येतो. तिथला कोल्हा कुठल्या एका माणसाचा किंवा काळाचा प्रतिनिधी नसतो, तो धूर्तपणाचा नमुना असतो. त्या बोधकथा. ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’ (1945) मध्येही प्राणीच आहेत, पण तिथे शेतावरच्या बंडाच्या घटना रशियन क्रांतीनंतरच्या घटनांशी पावलागणिक जुळत जातात. नेपोलियन नावाचा डुक्कर स्नोबॉलला हाकलून देतो तेव्हा वाचकाला स्टालिन आणि ट्रॉट्स्की दिसतात. ती रूपककथा.

प्रतीक हा शब्द या दोघांच्या जागी वापरू नका. प्रतीक एक वस्तू असते, तिला गोष्ट लागत नाही आणि तिचा अर्थ एका शब्दात संपत नाही.

‘मुखचंद्रमा’ हे एकच उदाहरण घेऊन रूपक शिकवणं थांबवा. मुलांना मग वाटतं की रूपक म्हणजे जोडशब्द. वाक्याच्या क्रियापदातही रूपक असतं. ‘मन करपलं’ यात ना ‘सारखे’ आहे, ना ‘तेचि’, ना जोडशब्द.

उत्तरपत्रिकेत

मी पेपर तपासताना एकच पाहते. विद्यार्थ्याने रूपक म्हटलं असेल तर त्याने ओळ दिली पाहिजे आणि त्या ओळीतलं उपमेय-उपमान वेगळं करून दाखवलं पाहिजे. रूपककथा म्हटलं असेल तर एक ओळ चालणार नाही, त्याने निदान तीन घटना क्रमाने सांगून खालचा अर्थ त्याच क्रमाने चालवून दाखवला पाहिजे. नमुन्यासाठी, आगगाडीच्या कवितेचं उत्तर मला साधारण असं अपेक्षित असतं:

‘या कवितेत जमीन आगगाडीला विनवते, आगगाडी तिला तुच्छ लेखते आणि शेवटी पूल कोसळून आगगाडी दरीत पडते. दुर्बळ माणूस आधी विनंती करतो, बलवान त्याची उपेक्षा करतो आणि सहनशक्ती संपल्यावर दुर्बळाच्या उठावात बलवानाचा नाश होतो, असा दुसरा अर्थ या घटनांच्या क्रमाने चालतो. हा अर्थ कवितेत शब्दांनी सांगितलेला नाही. म्हणून ही रूपककथात्मक कविता आहे. जमीन माणसासारखी बोलते, ही त्यात आलेली चेतनगुणोक्ती आहे.’

यात व्याख्या नाही, तरी मी पूर्ण गुण देते. ‘रूपककथा म्हणजे लांबवलेले रूपक’ असं सुरुवातीला लिहून पुढे ‘आगगाडी = इंग्रज, जमीन = भारत’ एवढंच दिलेलं उत्तर असेल तर अर्धे गुणही देत नाही, आणि समासात लिहिते: विनवणी कुठे गेली?